शर्यत जिंकलेल्या मुलीच्या फोटोखाली काय लिहावं?

प्रश्न: माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. शाळेच्या क्रीडादिनात 100 मीटरच्या शर्यतीत ती पहिली आली. मागच्या वर्षी पुढे असूनही तिनं शेवटी मागे वळून बघितलं आणि तिसरी आली होती. यंदा दोन महिने आधीपासून रोज संध्याकाळी सराव केला. तिचे बाबा सकाळपासून अंतिम रेषेच्या पलीकडे उभे होते, "मी इथे आहे, माझ्यापर्यंत धावत ये" असं त्यांनी तिला सांगितलं होतं. फोटोत ती त्यांना बिलगली आहे. इन्स्टाग्रामवर आणि घरच्या ग्रुपवर टाकायचा आहे. तिच्या मेहनतीचं कौतुक व्हावं आणि बाबांचंही, पण मी जे लिहिते ते "माझी चॅम्पियन, खूप अभिमान वाटतो" असंच होतं. नेमकं काय लिहू?

उत्तर:

आधी कॅप्शन देते, मग ती अशी का लिहिली ते सांगते.

"मागच्या वर्षी शेवटच्या टप्प्यात तू मागे वळून पाहिलं होतंस. यंदा नाही पाहिलंस. समोर बाबा उभे होते, रेषेच्याही पुढे, आणि तू थेट त्यांच्यापर्यंत धावत गेलीस. दोन महिने रोज संध्याकाळी हेच तर घोटलं होतंस. पहिला नंबर!"

यातला एकही शब्द माझा नाही, सगळं तुमच्या प्रश्नातच होतं. मी मुलांना धावायला शिकवते आणि शाळेच्या वार्षिकांकातल्या फोटोंखालच्या ओळी लिहिण्याचं कामही बरीच वर्षं माझ्याकडेच आहे. पालक कॅप्शन मागायला येतात तेव्हा बहुतेकदा असंच होतं. सांगताना ते सगळं नेमकं सांगतात आणि लिहायला बसले की तेच गाळून "अभिमान", "चॅम्पियन", "मेहनतीचं फळ" एवढंच उरवतात. तुमची अडचण शब्द सुचण्याची नाही. तुम्हाला वाटतंय की घडलेली गोष्ट फार साधी आहे आणि तिच्या जागी काहीतरी भारदस्त लिहायला हवं. तसं नाही. ती मागे वळली नाही, हीच बातमी आहे.

हे मैदानावरून सांगते. या वयाच्या मुलांच्या शर्यती पायांतल्या जोरावर जितक्या ठरतात, तितक्याच या एका सवयीवर ठरतात. पुढे असलेलं मूल शेवटच्या पंधरा-वीस मीटरमध्ये मागे बघतं. मान वळली की खांदा वळतो, खांद्याबरोबर हाताची लय तुटते, पाऊल लेनच्या कडेला पडतं आणि तेवढ्यात शेजारची पुढे निघून जाते. मूल मागे का बघतं, तर मागून येणाऱ्या पावलांचा आवाज त्याला ऐकू येत असतो आणि त्या आवाजाची भीती वाटते. "मागे बघू नको" असं ओरडून ही सवय जात नाही, उलट लक्ष मागेच जातं. मुलाला समोर बघायला काहीतरी द्यावं लागतं. तुमच्या यजमानांनी नेमकं तेच दिलं.

शिवाय ते रेषेवर उभे राहिले नाहीत, रेषेच्या पलीकडे राहिले, हेही फार महत्त्वाचं आहे. नियमाप्रमाणे शर्यत संपते ती धड रेषा ओलांडतं तेव्हा. हात, पाय किंवा डोकं आधी पोहोचून उपयोग नसतो. लहान मुलांना मात्र रेषा म्हणजे थांबायची जागा वाटते, म्हणून ती दोन-तीन पावलं आधीच वेग कमी करतात. आई किंवा बाबा हात पसरून अगदी रेषेवर उभे असतील, तर हे हमखास होतं, कारण माणसाला धडकू नये म्हणून मूल आपोआप आवरतं घेतं. आठ-दहा पावलं पुढे उभं राहिलं की रेषा वाटेतच येऊन जाते आणि पूर्ण वेगात ओलांडली जाते. आम्ही सरावात शंकू ठेवतो तो याचसाठी. म्हणजे बाबांचं तिथे थांबणं नुसतं प्रेमाचं नव्हतं, कामाचंही होतं. म्हणून कॅप्शनमध्ये "रेषेच्याही पुढे" हे दोन शब्द मी मुद्दाम ठेवले आहेत. लांबी कमी करायची झाली तरी ते काढू नका.

आता मुख्य गोष्ट. तुम्हाला दोघांचं कौतुक करायचं आहे, आणि गाडी अडते ती तिथेच. बहुतेक जण आधी मुलाची दोन वाक्यं लिहितात, मग "आणि तिचे बाबा" म्हणून आणखी दोन जोडतात. वाचताना दोन सत्कार एकापाठोपाठ झाल्यासारखे वाटतात, दुसरा पहिल्याचा जोर काढून घेतो. त्याऐवजी दोघं ज्या एका क्षणी एकमेकांशी जोडले गेले तो क्षण शोधायचा आणि तेवढाच लिहायचा. तुमच्या बाबतीत तो क्षण म्हणजे तिनं मागे न बघता समोर बाबांकडे बघणं. त्या एका कृतीत तिचा दोन महिन्यांचा सरावही आहे आणि बाबांचं उभं राहणंही आहे. दोघांसाठी वेगळी विशेषणं लागतच नाहीत. कॅप्शनमध्ये बघा, बाबांचं एका शब्दानंही कौतुक केलेलं नाही. ते कुठे उभे होते एवढंच सांगितलं आहे, आणि वाचणाऱ्याला पुरेसं कळतं.

बाबांबद्दल लिहिताना एक चूक फार सहज होते, ती सविस्तर सांगते, कारण आपल्याकडे ती प्रेमापोटीच होते. "बाबांच्या कष्टाचं चीज केलंस", "आईबाबांचं नाव काढलंस", "बाबांचं स्वप्न पूर्ण केलंस" ही वाक्यं तोंडात बसलेली आहेत. मोठ्या माणसाच्या आयुष्यातल्या मोठ्या यशाला ती शोभतातही. पण नऊ वर्षांच्या मुलीच्या शर्यतीला लावली की अर्थ बदलतो. तिचं धावणं ही बाबांच्या उपकाराची परतफेड होऊन बसते. ती तिसरी आली असती तर कष्टाचं चीज झालं नसतं का, हा प्रश्न मोठी माणसं विचारत नाहीत, पण मुलं मनात विचारतात. मागच्या वर्षी ती तिसरीच आली होती, हे तिला चांगलं आठवत असणार. म्हणून थांबणाऱ्या माणसाचं थांबणं हे निकालावर अवलंबून नव्हतं, असं वाक्याच्या रचनेतूनच दिसलं पाहिजे.

त्यासाठी "हरली असतीस तरी बाबा तिथेच असते" असं लिहायची गरज नाही. ते लिहिलं की जिंकल्याच्या दिवशी हरण्याचा विषय निघतो आणि मुलीचा चेहरा पडतो. सोपा उपाय म्हणजे क्रम. बाबा उभे होते हे आधी येऊ द्या, पहिला नंबर सगळ्यात शेवटी. घडलंही तसंच होतं, ते सकाळपासून तिथे होते आणि निकाल नंतर लागला. उलट क्रमानं "पहिली आलीस आणि बाबांनी तुला मिठीत घेतलं" असं लिहिलंत, तर शब्द तेच राहूनही मिठी हे बक्षीस होऊन जातं.

मेहनतीबद्दलही थोडं बारकाईनं बोलायला हवं. "खूप मेहनत घेतलीस" हे वाक्य खोटं नाही, पण ते कुठल्याही मुलाच्या फोटोखाली चालतं, म्हणून मुलाला ते आपल्याबद्दलचं वाटत नाही. मेहनत विशेषणानं दिसत नाही, ती क्रियापदानं दिसते. काय केलं? शिट्टी वाजल्यावर इतरांकडे न बघता निघायला शिकली. रोज संध्याकाळी अंतर धावली. मान सरळ ठेवली. यातलं एक निवडायचं, आणि निवडताना कसोटी अशी की जे आधी जमत नव्हतं आणि आता जमलं, ते घ्यायचं. तिला पहिल्यापासून जे येत होतं त्याचं कौतुक हे मेहनतीचं कौतुक नसतं.

कौतुक कशाचं होतं यानं मुलांच्या वागण्यात फरक पडतो, हे अभ्यासातूनही दिसलेलं आहे. क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक या मानसशास्त्रज्ञांनी 1998 मध्ये पाचवीतल्या मुलांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. मुलांना कोडी सोडवायला दिली आणि नंतर काहींना "तू हुशार आहेस" असं सांगितलं, काहींना "तू मेहनत घेतलीस" असं. मग सगळ्यांना मुद्दाम अवघड कोडी दिली, ज्यांत सगळेच अडखळले. त्यानंतर पुन्हा पहिल्याइतकीच सोपी कोडी दिली, तेव्हा हुशार म्हटलेल्या मुलांची कामगिरी पहिल्यापेक्षा खाली गेली आणि मेहनतीचं कौतुक झालेल्यांची वर गेली. हुशार म्हटलेल्यांपैकी बऱ्याच जणांनी आपले गुणही वाढवून सांगितले. तो प्रयोग कोड्यांचा होता, शर्यतीचा नव्हता, आणि एका कॅप्शननं कुणाचा स्वभाव घडत नाही. पण "जन्मजात धावपटू", "रक्तातच आहे", "हिला कोण हरवणार" असं लिहायचा मोह झाला तर हे आठवा. पुढच्या वर्षी शेजारच्या लेनमध्ये तिच्याहून उंच मुलगी आली, तर जन्मजात असण्याचा तिला काही उपयोग होणार नाही. मान सरळ ठेवण्याचा मात्र तेव्हाही होईल.

त्याच कारणानं "सगळ्यांना मागे टाकलं" हेही नको. घरच्या ग्रुपवर चालून जातं असं वाटतं, पण इन्स्टाग्रामवर त्याच वर्गातल्या इतर मुलींच्या आया ते वाचतात, आणि त्या मुलीही संध्याकाळी धावल्या होत्या. माझ्या कॅप्शनमध्ये तुलना आहे, पण ती तिची तिच्याशीच, मागच्या वर्षीची आणि यंदाची. एवढी तुलना पुरते.

कॅप्शन लिहून झाली की मी दोन गोष्टी करून बघते. पहिली म्हणजे शेवटचे "पहिला नंबर" हे शब्द बोटानं झाकायचे आणि उरलेलं वाचायचं. मजकूर तरीही उभा राहिला, म्हणजे ती दुसरी किंवा तिसरी आली असती तरी हीच ओळ खरी ठरली असती, तर कौतुक मेहनतीचं झालं. मजकूर कोसळला तर ते फक्त निकालाचं होतं. तुमची "माझी चॅम्पियन, खूप अभिमान वाटतो" ही ओळ या कसोटीला लावून बघा. चॅम्पियन हा शब्द निकालाबरोबरच जातो, आणि अभिमान उरतो खरा, पण कशाचा ते कळत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे टाकण्याआधी मुलीला वाचून दाखवायचं. परवानगी म्हणून तर दाखवायचंच, पण मुलं तपशील फार चोख दुरुस्त करतात म्हणूनही. ती म्हणेल, "मी पूर्ण वळले नव्हते, नुसतं तिरकं बघितलं होतं." किंवा म्हणेल, "बाबा उभे नव्हते, उड्या मारत होते." असं काही निघालं तर तेच लिहा. "समोर बाबा उड्या मारत होते, रेषेच्याही पुढे" हे माझ्या वाक्यापेक्षा कितीतरी चांगलं आहे, कारण ते तिनं पाहिलेलं आहे. मागच्या वर्षीचा उल्लेख तिला नको असेल तर तो आग्रहानं ठेवू नका. तसं झालं तर ही ओळ वापरा:

"शेवटच्या वीस मीटरमध्ये मागून पावलं वाजत होती आणि तू समोरच बघत राहिलीस. समोर बाबा होते, रेषेच्याही पुढे. दोन महिन्यांचा सराव, आणि पहिला नंबर!"

यात मागचं अपयश नाही, पण अवघड काय होतं ते आहे. अवघड काय होतं हे सांगितल्याशिवाय मेहनत दिसत नाही, म्हणून एवढं मात्र हवंच. फक्त मागून कुणी खरंच जवळ होतं का, हे तिला विचारून घ्या. ती बरीच पुढे असेल तर पावलं वाजल्याचं लिहू नका.

तिला उद्देशून लिहायचं की तिच्याबद्दल लिहायचं, हे ती वाचणार आहे का यावर ठरवा. ती स्वतः वाचणार किंवा तुम्ही तिला वाचून दाखवणार असाल, तर "तू" चांगलं. नऊ वर्षांची मुलगी इन्स्टाग्रामवर नसते आणि ते तसंच असावं, तेव्हा तिथे "मागच्या वर्षी तिनं मागे वळून पाहिलं होतं, यंदा नाही पाहिलं" असं लिहिलं तरी चालेल. घरच्या ग्रुपवर आजीआजोबा फोन तिच्या हातात देतील, तिथे "तू" ठेवा. एकाच मजकुरात दोन्ही मिसळू नका. अर्ध्यात "तू धावलीस" आणि पुढे "तिच्या बाबांनी" असं आलं की कोण कुणाशी बोलतंय ते कळेनासं होतं.

फोटोत जे दिसतंय ते पुन्हा लिहू नका. मिठी दिसते आहे, पदक दिसतं आहे, हसू दिसतं आहे. "बाबांच्या कुशीतला हा क्षण" असं लिहिलंत तर वाचणाऱ्याला नवीन काहीच मिळत नाही. कॅप्शनचं काम चौकटीबाहेरचं सांगणं आहे, म्हणजे मिठीच्या आधीचे वीस मीटर आणि त्याआधीच्या संध्याकाळी. म्हणूनच मी मिठीचा उल्लेखही केलेला नाही.

इन्स्टाग्रामवर कॅप्शनला 2,200 अक्षरांपर्यंत जागा असते, पण फीडमध्ये सुरुवातीचा थोडाच भाग दिसतो, बाकीचं उघडावं लागतं. म्हणून पहिलं वाक्य हॅशटॅगनं, इमोजींच्या रांगेनं किंवा "आज सांगायला अत्यंत आनंद होतोय" यानं खर्च करू नका. "मागच्या वर्षी शेवटच्या टप्प्यात तू मागे वळून पाहिलं होतंस" हे पहिलं वाक्य दिसलं की पुढे काय झालं हे बघायला माणूस उघडतोच. पदकाचं एखादं इमोजी शेवटी टाकायचं तर टाका.

टाकण्याआधी फोटो मोठा करून एकदा नीट बघा. गणवेशावर शाळेचं नाव, छातीवर क्रमांक, मागच्या फलकावर इयत्ता आणि तुकडी, हे सगळं मिळून अनोळखी माणसाला तुमची मुलगी रोज कुठे असते ते सांगतं. सार्वजनिक खात्यावर टाकणार असाल तर तेवढा भाग कापा किंवा झाका, ठिकाणाचा टॅग लावू नका आणि कॅप्शनमध्ये तिचं पूर्ण नाव लिहू नका. मागे दुसरी मुलं स्पष्ट दिसत असतील तर त्यांचे चेहरेही झाका, विशेषतः एखादी हरल्यामुळे रडत असेल तर. घरच्या ग्रुपवर मूळ फोटो जाऊ दे.

बाबा स्वतःच्या खात्यावर टाकणार असतील तर मजकूर थोडा बदलावा लागेल, कारण स्वतःच्या उभं राहण्याबद्दल स्वतःच लिहिणं अवघड जातं. त्यांनी फक्त त्यांना जे दिसलं ते लिहावं: "मी रेषेच्या पुढे उभा होतो. मागच्या वर्षी इथेच तिनं मागे पाहिलं होतं. यंदा तिची नजर माझ्यावरून हलली नाही. पहिली आली!" हे त्यांनाच लिहिता येईल, कारण तिचा चेहरा समोरून फक्त त्यांनी पाहिला. तुम्ही बाजूनं पाहत होता, त्यामुळे नजरेबद्दलचं वाक्य तुमच्या कॅप्शनमध्ये घेऊ नका.

आणि फोटो छापून अल्बममध्ये लावणार असाल तर मागच्या बाजूला हीच कॅप्शन पेननं लिहा, खाली तारीख, 100 मीटर, तिची इयत्ता आणि फोटो कुणी काढला ते. घरात जपायच्या फोटोवर तिचं पूर्ण नाव आणि शाळेचं नावही लिहा, तिथे ते हवंच.